परदेशी फ्लॅटमेट येणार आहे? दारावर पाटी नको, साध्या इंग्रजीत चिठ्ठी लिहा

गेल्या वर्षी जूनमध्ये कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी झाली आणि तिथे जपानहून शिकायला आलेली एक मुलगी राहायला येणार असं ठरलं. तिला इंग्रजी येत होतं, पण शाळेत शिकलेलं, सावकाश वाचायचं इंग्रजी. मी हौसेने स्वागताचा एक कागद छापला. वर 'वेलकम टू अवर होम', खाली तेरा नियम. कागद दिसायला झकास होता. पंधरा दिवसांनी कळलं की तेरापैकी निदान चार नियम तिला समजलेच नव्हते.

त्यातला एक होता, 'काइंडली स्विच ऑफ द गीझर आफ्टर यूज.' गीझर हा शब्द तिने शब्दकोशात बघितला. तिथे निघालं, जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं. असलं काही बाथरूममध्ये नाही हे तिला दिसत होतं, त्यामुळे तो नियम आपल्यासाठी नसावा असं समजून तिने सोडून दिला आणि चार दिवस गार पाण्याने अंघोळ केली. आम्ही आपापसात म्हणत होतो, काय ही जपानी शिस्त!

दुसऱ्यांदा तोच कागद मी नव्याने लिहिला तेव्हा काय केलं, ते इथे क्रमाने सांगते.

आधी ठरवा, चिठ्ठीत काय नाही येणार

चिठ्ठी हातात पडते तेव्हा माणूस बॅगा घेऊन दारात उभा असतो. त्या क्षणी त्याला धक्का बसेल असं काहीही कागदावर नको. भाडं किती, डिपॉझिट किती, विजेचं बिल कसं वाटायचं, रात्री पाहुणा राहिलेला चालतो का, घरात मांस-मासे शिजवता येतात का, हे सगळं खोली ठरवतानाच बोलून व्हायला हवं. आमच्या मालकांना स्वयंपाकघरात मांसाहार चालत नाही. हे मी तिला फोनवर आधीच सांगितलं होतं, आणि 'अंडी चालतात, बाहेरून आणून आपल्या खोलीत खाल्लेलं चालतं' हेही. 'व्हेज ओन्ली' एवढंच सांगितलं असतं तर अंड्याचं काय, हा प्रश्न पहिल्या सकाळी नाश्त्याच्या वेळी उभा राहिला असता.

कागदपत्रंही चिठ्ठीबाहेरची. परदेशी व्यक्ती राहायला आली की २४ तासांच्या आत जागा देणाऱ्याने तशी ऑनलाइन नोंद करायची असते. बहुतेक लोक तिला अजून 'सी फॉर्म' म्हणतात, आणि ती indianfrro.gov.in वर होते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो आधी मागवून ठेवले तर हे काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. नाही तर माणूस झोपेतून उठायची वाट बघत मालक फोन करत बसतात. लीव्ह अँड लायसन्सचा करारही महाराष्ट्रात नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. चिठ्ठीत यातलं एक वाक्यही नको.

मग घरातून एक फेरी मारा, तिच्या पायांनी

पहिल्या कागदावर नियम क्रमांक एक होता, 'चपला बाहेर काढा.' जपानी माणसाला हे सांगणं म्हणजे पंढरपुरात जाऊन टाळ कसे वाजवायचे ते शिकवणं. ती दारात बूट काढून त्यांची टोकं बाहेरच्या दिशेला वळवून ठेवते. उलट एक गोष्ट मी लिहिलीच नव्हती, कारण आपल्याला ती सांगण्यासारखी वाटतच नाही: पिण्याचं पाणी कुठल्या नळाचं. जपानमध्ये कुठल्याही नळाचं पाणी पितात. ती बेसिनचं पाणी पीत होती. इमारतीच्या टाकीतलं पाणी, त्यात उन्हाळ्यात टँकरचं. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं.

म्हणून लिहायला बसण्याआधी दाराबाहेर उभं राहायचं आणि घरात शिरण्यापासून रात्री झोपेपर्यंत एक फेरी मारायची. कुलूप कसं उघडतं? लॅच आपोआप लागतं का? (आमचं लागतं. किल्ली आत विसरून कचरा टाकायला बाहेर गेलं की जिन्यात बसायचं.) दिवा कुठे, पाणी कुठलं, गॅस कसा पेटतो, कपडे कुठे वाळतात, कचरा कुठे जातो. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: हे तिच्या गावी कसं असेल? तिथेही असंच असेल तर लिहायचं नाही. वेगळं असेल आणि चुकलं तर त्रास होणार असेल, तर ते वर घ्यायचं.

अशी फेरी मारल्यावर माझे तेरा नियम सातावर आले, आणि त्यातले चार आधीच्या यादीत नव्हतेच.

पाटी लिहू नका

आता जरा स्वतःबद्दल. आपण पुण्याचे. नियम लिहायला घेतला की हात आपोआप पाटीकडे वळतो. 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही.' हे वाचून आपण हसतो, कारण त्यातला तिरकसपणा कळतो आणि आत झोपलेले आजोबाही डोळ्यांपुढे येतात. हेच इंग्रजीत उतरवून परक्या माणसाला दिलं की उरते फक्त दमदाटी. 'डोअर विल नॉट बी ओपन्ड' वाचून तिला वाटणार, मी काही केलं की मला बाहेर ठेवणार. विनोद, टोमणा, उपरोध, यातलं काहीही दुसऱ्या भाषेच्या शिकाऊ वाचकापर्यंत पोचत नाही. साध्या इंग्रजीत पहिल्यांदा काढायची गोष्ट हीच, आणि ती काढताना फार जिवावर येतं.

पाटीत दुसरी उणीव कारणाची असते. आपल्याला कारण ठाऊक असतं, म्हणून ते लिहिलेलं नसतं. चिठ्ठीत प्रत्येक नियमामागे एक छोटं कारण टाका. 'रात्री दहानंतर वॉशिंग मशीन लावू नका' हा हुकूम झाला. 'मशीनचा आवाज खालच्या घरात जातो, तिथे लहान बाळ आहे. रात्री दहाच्या आत मशीन लावा' हे शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितल्यासारखं झालं. यात आणखी एक सोय आहे. कारण कळलं की जे लिहिलेलं नाही तेही माणूस स्वतः ओळखतो. बाळाबद्दल वाचल्यावर तिने रात्री खुर्ची सरकवणंसुद्धा बंद केलं.

आपले इंग्रजी शब्द हे आपलेच असतात

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपण ज्याला इंग्रजी समजतो त्यातलं बरंच काही इथलंच पीक आहे, आणि ते बाहेरच्याला कळत नाही. गीझरची गोष्ट सांगितलीच. तिथे 'वॉटर हीटर' लिहायचं. 'ड्राय बाल्कनी' हा पुण्यातल्या बिल्डरांचा लाडका शब्द. तिथे आपण भांडी घासतो, मशीन लावतो, म्हणजे घरातली सगळ्यात ओली जागा तीच. चिठ्ठीत 'द स्मॉल बाल्कनी बिहाइंड द किचन' लिहिलं की काम झालं. 'हॉटेल' म्हटलं की बाहेरच्याला राहायची जागा वाटते, आपल्याला मिसळ. 'सोसायटी' म्हणजे तिला समाज. 'सोसायटी विल ऑब्जेक्ट' हे वाक्य वाचून माणूस केवढा घाबरेल याचा विचार करा. तिथे 'द पीपल इन धिस बिल्डिंग' पुरतं. 'लाइट गेले' याचं 'लाइट हॅज गॉन' करू नका, 'देअर इज नो पॉवर' लिहा.

मजल्याचं तर वेगळंच. आपला तिसरा मजला जपानी हिशेबात चौथा असतो, कारण तिथे तळमजला हाच पहिला. तिचं पहिलं पार्सल चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलं त्याचं कारण हेच: तिने तिच्या जपानी हिशेबाने पत्त्यात चौथा मजला लिहिला होता. आता चिठ्ठीत आहे, 'इन द लिफ्ट, प्रेस ३.' मजला म्हणायचंच नाही, बटण सांगायचं.

आणि कचरा. 'वेट वेस्ट, ड्राय वेस्ट' हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही अवघड असेल असं वाटत नाही. ती अतिशय काळजीपूर्वक वर्गीकरण करणारी मुलगी, पण शब्दांवर गेली. कांद्याची कोरडी सालं सुक्या कचऱ्यात आणि चहा सांडलेला कागदी कप ओल्यात. कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई रोज दारात येऊन कचरा नेतात. त्यांनी दोनदा मला बोलावून डबा दाखवला. हल्ली दोन्ही डब्यांवर शब्द नाहीतच, नावं आहेत: हिरव्या डब्यावर 'फूड, पील्स, टी, फ्लॉवर्स', निळ्यावर 'पेपर, प्लास्टिक, ग्लास'. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळं द्यायचं, हे चिठ्ठीत लाजत न बसता सरळ लिहिलं.

वाक्य कसं असावं

एका वाक्यात एकच काम. दहा-बारा शब्दांपुढे गेलं की तोडायचं. करायच्या गोष्टीला क्रियापदाने सुरुवात करायची: 'लॉक द डोअर', 'क्लोज द गॅस'. सरकारी कागदातून आलेलं 'शूज टू बी रिमूव्ह्ड', 'इट इज रिक्वेस्टेड दॅट' हे सगळं गाळा. कोणी काय करायचं तेच त्यात दडून बसतं.

'काइंडली' आणि 'प्लीज ट्राय टू' याबद्दल थोडं सावध राहा. आपण ते सौजन्य म्हणून घालतो, पण शब्दशः वाचणाऱ्याला 'प्लीज ट्राय टू क्लोज द गॅस' म्हणजे जमलं तर करा असं वाटतं. गॅसच्या बाबतीत जमलं तर चालत नाही. जे केलंच पाहिजे ते सरळ 'यू मस्ट' किंवा 'ऑलवेज', जे केलं तर बरं ते 'इट इज नाइस इफ'. आमच्या चिठ्ठीत 'ऑलवेज' तीनच ठिकाणी आहे: पिण्याचं पाणी, गॅस आणि किल्ली. सगळीकडे लिहिलं असतं तर कुठेच लागलं नसतं.

वेळ आकड्यात, सकाळ-संध्याकाळसह लिहा. तारीख महिन्याच्या नावासह लिहा, कारण ५/८ म्हणजे कुणासाठी पाच ऑगस्ट तर कुणासाठी आठ मे. 'अल्टरनेट डे' न लिहिता वारच लिहा. कागद छापील असू द्या, कारण ती त्यावर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचणार आहे. वळणदार अक्षर फोनला वाचता येत नाही, आणि भाषांतर करणारं यंत्र छोट्या, सरळ वाक्यांत कमी चुकतं. ए-फोर कागदाची एक बाजू, बस.

विजेसाठी दोन ओळी जास्त खर्च करा

हे कारणासह सांगते, कारण इथे नुसता नियम पुरत नाही. आपली वीज २३० व्होल्टची, जपानची १०० व्होल्टची. तिचा केस वाळवायचा ड्रायर तिकडचा होता, चपट्या दोन पिनांचा. ती पिन भिंतीतल्या जुन्या सॉकेटमध्ये गेली नसती, पण एक्स्टेन्शन बोर्डावरच्या सगळ्या प्रकारच्या पिना घेणाऱ्या भोकांत आरामात बसली. पिन बसली म्हणजे चालतंय, असं कुणालाही वाटेल. चार-पाच सेकंद जोरात घोंघावला, मग जळका वास, मग घरातले सगळे दिवे बंद. नशीब एमसीबीने पाडले.

अडॅप्टर लावला की झालं, असंही समजू नका. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. म्हणून चिठ्ठीत हे असं लिहिलं: वस्तूच्या मागचं बारीक अक्षर वाचा. त्यावर '१०० ते २४०' असेल तर लावा. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा तसंच असतं. फक्त '१००' असेल तर लावू नका. आणि शेवटी, 'वी हॅव अ हेअर ड्रायर. इट इज इन द बाथरूम कपाट. यूज इट.' कपाट हा शब्द मुद्दाम मराठीत ठेवला, कपाटावर तशीच चिठ्ठीही चिकटवली. एक शब्द शिकली.

नियमाबरोबर पर्याय द्यायचा तो असा. 'वापरू नका' म्हणून थांबलं की माणूस अडतो.

आपुलकी कुठे घालायची

'ट्रीट धिस अॅज युअर ओन होम' हे वाक्य मी काढून टाकलं. ते सगळेच लिहितात, आणि खाली सात नियम असले की ते खोटंच वाटतं. आपुलकी दिसते ती नेमक्या गोष्टीत. फ्रिजचा मधला कप्पा तिचा, त्यावर तिच्या नावाचा कागद. पहिल्या दिवशी जेवण आमच्याकडे, संध्याकाळी आठ वाजता, वरण-भात आणि बटाट्याची भाजी, तिखट नाही. थकलेली असलीस तर झोप, जेवण फ्रिजमध्ये ठेवू. शेवटचं वाक्य तिला फार आवडलं असं तिने नंतर सांगितलं, कारण नकार द्यायची परवानगीही त्यात होती.

माणसांची ओळखही यातच करून द्या. सकाळी दहाला येऊन घर झाडणाऱ्या मावशींना काय म्हणायचं, हे आपण कधी सांगत नाही. मी लिहिलं, मावशी म्हणजे आईची बहीण, आम्ही सगळे त्यांना तसंच म्हणतो, तूही म्हण. पहिल्याच दिवशी तिने 'मावशीसान' म्हटलं. मावशींनी मला विचारलं, सान म्हणजे काय गं? मी सांगितलं, 'अहो' सारखं. त्या दिवसभर खुशीत होत्या.

आता प्रत्यक्ष चिठ्ठी

कागदावर अर्थातच ती रोमन लिपीत आहे. इथे देवनागरीत, मुख्य भाग तेवढा:

> वेलकम. वी आर हॅपी दॅट यू आर हिअर.
>
> युअर रूम हॅज द ब्लू डोअर. युअर की इज ऑन द टेबल. ऑलवेज टेक युअर की. द फ्रंट डोअर लॉक्स बाय इटसेल्फ.
>
> ऑलवेज ड्रिंक वॉटर फ्रॉम द व्हाइट फिल्टर इन द किचन. वॉटर फ्रॉम अदर टॅप्स कॅन मेक यू सिक.
>
> फॉर अ हॉट शॉवर, प्रेस द रेड स्विच आउटसाइड द बाथरूम. वेट २० मिनिट्स. देन टर्न इट ऑफ.
>
> आफ्टर कुकिंग, ऑलवेज क्लोज द गॅस इन टू प्लेसेस: ऑन द स्टोव्ह अँड ऑन द सिलिंडर. इफ यू स्मेल गॅस, ओपन द विंडोज. डू नॉट टच एनी स्विच. गो आउट अँड कॉल मी.
>
> सम थर्सडेज देअर इज नो वॉटर. आय विल टेल यू वन डे बिफोर. प्लीज फिल द बकेट इन युअर बाथरूम.
>
> इमर्जन्सी: कॉल ११२. देन कॉल मी, एनी टाइम. यू विल नॉट डिस्टर्ब मी.

गुरुवारच्या ओळीचं कारण पुणेकरांना सांगायला नको. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं झालं की महापालिका बहुधा गुरुवारच निवडते. आमचा गीझर १५ लिटरचा आहे, म्हणून वीस मिनिटं. तुमचा तीन लिटरचा इन्स्टंट असेल तर आकडा बदला. बाथरूमच्या आत गॅसचा गीझर असेल तर मात्र ही ओळ पुरणार नाही. बंद बाथरूममध्ये त्याच्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो. खिडकी उघडी ठेवल्याशिवाय तो लावायचा नाही, हे चिठ्ठीत तर हवंच, शिवाय प्रत्यक्ष दाखवायला हवं.

देण्याआधी एकदा तपासून घ्या

'समजलं का?' असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. चिठ्ठी एखाद्या अशा माणसाला द्या ज्याला घर ठाऊक नाही आणि ज्याचं इंग्रजी बेताचं आहे. वाचून झाल्यावर म्हणा, आता अंघोळीसाठी पाणी तापव. तो कुठे जातो ते बघा. मी माझ्या आठवीतल्या भाचीला दिली. ती लाल बटणाऐवजी एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे गेली, कारण त्यालाही लाल दिवा होता. चिठ्ठी बदलली नाही, बटणावर टिकली चिकटवली.

फ्लॅटमेट आल्यावर एका आठवड्याने त्याच कागदावर तिला पेन्सिल द्या आणि काय राहिलं ते लिहायला सांगा. आमच्या कागदावर तिने एकच ओळ लिहिली. रोज पहाटे साडेसहाला बेल वाजते आणि कोणी काही बोलत नाही, हे काय आहे? पहिल्या दिवशी ती पासपोर्ट आणि पाण्याची बाटली घेऊन, बूट घालून खोलीबाहेर आली होती. तिला वाटलं, भूकंपाचा इशारा. दूधवाला होता. आता चिठ्ठीत सगळ्यात खाली आहे: 'बेल अॅट ६:३० एएम इज मिल्क. स्लीप.'